पोटाचं पाप, मानेला ताप

पोटाचा व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी पोट दुखलं तर त्यात काही न्याय आहे. पण दुखते मान. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार मॅटवर रोज घडतो. समाधान एवढंच, की संन्यासी नेमका कुठे दुखतोय यावरून चोराचा पत्ता लागतो.

मुळात डोकं जड असतं. आत काय भरलंय याचा संबंध नाही. शहाण्याचं असो की माझं, साडेचार-पाच किलो भरतंच. उभं असताना हे ओझं मणक्यांवर तोललेलं असतं म्हणून जाणवत नाही. उताणं पडून ते जमिनीवरून उचललं, की गळ्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू ते पेलत राहतात. पोटाचा स्नायू अंगापिंडाने दणकट, हे बिचारे किरकोळ. पोट दमायच्या आधी यांचा दम संपतो.

क्रंचमध्ये हे सगळ्यात ठळक दिसतं. खवाटे जमिनीवरून सुटतील इतकंच वर यायचं, कंबर टेकलेलीच ठेवायची. म्हणजे धड जेमतेम तीस अंश उठतं आणि डोकं सेटभर जवळजवळ आडवंच लोंबतं. पंधराचा सेट धरा, एकाला तीन सेकंद. पाऊण मिनिट पाच किलो. सातपर्यंत सगळं शिस्तीत चालतं. आठव्याला हनुवटी पुढे यायला लागते. दहाव्याला डोक्यामागे गुंफलेले हात दयाबुद्धीने मदतीला धावतात, कोपरं मिटतात, डोकं खेचलं जातं, हनुवटी छातीला भिडते. पुढचे पाच क्रंच पोटाने नव्हे, दंडांनी काढलेले असतात. मोजणारा मात्र पंधरा मोजतो.

दुसऱ्या दिवशी गळ्याच्या दोन्ही बाजूंना, कानामागून छातीकडे येणाऱ्या जाड दोऱ्या दुखल्या तर ती डोकं पेलण्याची प्रामाणिक दमणूक. मानेच्या मागे ताणल्यासारखं दुखलं तर हातांनी ओढाओढ केलेली आहे, नाकबूल करून उपयोग नाही.

उपाय म्हणाल तर हात गुंफायचेच नाहीत. बोटांची टोकं कानामागे, कोपरं इतकी उघडी की डोळ्यांच्या कडेलाही दिसू नयेत. हनुवटी आणि छाती यांत एक मूठ मावेल एवढी जागा. त्याहून सोपा इलाज टॉवेलचा. तो लांबीने पाठीखाली आणि डोक्याखाली पसरायचा, वरची दोन टोकं हातात धरायची आणि डोकं त्या झोळीत सोडून द्यायचं. वजन झोळी पेलते, उचलायचं काम पोटाकडे राहतं. खांद्याआधी डोकं वर येऊ लागलं तर समजा, झोळीचा दोर झाला. आणि हनुवटी आठव्याला पुढे आली असेल तर सेट आठचाच. पंधराचा हट्ट मानेने कधीच धरलेला नसतो.

सिटअपची गंमत उलटी आहे. त्यात माणूस पूर्ण उठून बसतो, तेव्हा डोकं पुन्हा खांद्यांवर तोललं जातं आणि वरच्या टोकाला मान क्षणभर सुटते. घात होतो तो सुरुवातीला. पहिला टप्पा पोटाचा. पुढे मांडीला वर ओढणारे जांघेतले स्नायू मोठा वाटा उचलतात. तिथवर पोचण्याइतकी ताकद पोटात नसली की माणूस डोकं झटक्याने पुढे फेकतो, त्या वेगावर धड उठेल या आशेने. धड उठतंही, म्हणून सवय लागते. कोणी पाय दाबून धरले की जोर आणखी वाढतो, झटकाही वाढतो. हात छातीवर घडी करून सावकाश उठता येत नसेल तर सिटअप अजून आपला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लेग रेज. डोकं जमिनीवर, म्हणजे मान सुटली असं वाटतं. पण दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग. साठ किलोच्या माणसाला वीस किलो. पाय खाली नेताना पोट हरलं की कंबर कमान करते, आणि सारं अंग तोल धरायला डोक्याचा मागचा भाग जमिनीत रुतवतं. दात आवळले जातात, श्वास अडकतो. कवटी आणि मान जुळतात तिथे ठणका लागला तर तो याचा. शिवाय पाय कुठवर आले हे बघायला डोकं उचलणारे हौशी असतातच. ते लेग रेज करता करता फुकटात क्रंचची मानदुखी पदरात पाडून घेतात.

इथे मान नव्हे, कंबर सांभाळायची. तळहात कुल्ल्यांखाली, गुडघे वाकवलेले, आणि कंबर जमिनीवरून सुटायला लागेल त्याच्या जरा आधी पाय थांबवायचे. मग ते जमिनीपासून हातभर वर का असेनात.

हे सगळं स्नायूंच्या दुखण्याबद्दल. खांद्यातून हातात कळ गेली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर टॉवेल गुंडाळायचा आणि डॉक्टरकडे जायचं. तिथे कितवा सेट चालू होता हे कोणी विचारत नाही.