परदेशी दुकानाचा पत्ता, आणि खोक्याचं वजन

गेल्या महिन्यात ग्रुपवर तिघांनी विचारलं की अमेरिकेतल्या दुकानातून दुर्बिणीचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, मागवायचा आहे, दुकान भारतात पाठवत नाही, तर तो तिकडचा पत्ता देणाऱ्या कंपनीचा मार्ग कसा आहे? कमेंटमध्ये अर्धवट उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. यात माझे पैसे गेले आहेत आणि वाचलेही आहेत.

व्यवस्था सोपी आहे. पार्सल फॉरवर्डिंगवाली कंपनी तुम्हाला तिथल्या गोदामाचा पत्ता आणि एक सूट नंबर देते. दुकान माल तिथे पाठवतं, कंपनी तो पुढे तुमच्या घरी. सूट नंबर पत्त्यात नीट पडलाच पाहिजे, नाहीतर खोकं कोणाचं हेच गोदामात कळत नाही.

मी पहिल्यांदा मागवलं ते ड्यू शील्ड. पहाटे दुर्बिणीच्या भिंगावर दव धरू नये म्हणून नळीच्या तोंडाला गुंडाळायचं प्लॅस्टिकचं आवरण. किंमत ३० डॉलर, वजन जेमतेम एक पाउंड. मनात म्हटलं, हलकी वस्तू आहे, कितीसा खर्च येणार! गोदामातून मेल आला: प्रत्यक्ष वजन १ पाउंड, आकारणीचं वजन ११ पाउंड. भाडं ९० डॉलर. वस्तूच्या तिप्पट.

चूक कंपनीची नव्हती. विमानात जागा विकली जाते, म्हणून कुरियरवाले दोन वजनं काढतात आणि जे जास्त असेल ते लावतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणायची आणि साधारण १३९ ने भागायचं, की पाउंडातलं आकारमानाचं वजन मिळतं. सेंटिमीटर आणि किलोत मोजलं तर ५००० ने भागतात. माझं खोकं १८ × १४ × ६ इंचांचं होतं. गुणाकार १५१२, भागिले १३९, म्हणजे १०.९. पुढचा पूर्ण आकडा धरून ११. आत एक पातळ आवरण आणि बाकी सगळी हवा. त्या हवेचं भाडं मी भरणार होतो.

मी गोदामाला लिहिलं की आवरण सपाट होतं, उघडून चपट्या खोक्यात घाला. उंची ६ वरून दीड इंचावर आली आणि आकारणी ३ पाउंडांवर. म्हणून माझा पहिला नियम हा आहे: खरेदीआधी दुकानाला वस्तूचं नाही, पॅकिंगच्या खोक्याचं माप विचारायचं. बहुतेक दुकानं सांगतात. नाही सांगितलं तर वस्तूच्या प्रत्येक बाजूला दोन इंच वाढवून हिशेब धरायचा.

आता आयपीसचा हिशेब. दोन इंची, रुंद दृश्य देणारा, २२० डॉलर. डॉलर ९० रुपयांना धरतो. वस्तू झाली १९,८०० रुपये आणि लोक इथेच थांबतात. पुढचं बघा. दुकान ते गोदाम १० डॉलर. त्या राज्यात विक्रीकर असेल तर तोही लागतो. ऑरेगन आणि डेलावेअरमध्ये राज्याचा विक्रीकर नाही, फ्लोरिडात आहे. ६-७ टक्के कर म्हणजे या वस्तूवर १५ डॉलर, म्हणून कंपनी निवडताना गोदाम कोणत्या राज्यात आहे ते मी आधी बघतो. माझं गोदाम ऑरेगनमधलं. खोकं बदलून देण्याचे ८ डॉलर, आणि आकार कमी केल्यावर भारतापर्यंतचं भाडं ४२. मूळ खोक्यात तेच भाडं ७८ येत होतं. इथे एक सावधानता: भिंगाचं खोकं लहान करताना फोमही काढून टाकतात, म्हणून मी लेखी कळवतो की आतलं खोकं आणि फोम ठेवा, फक्त बाहेरचं बदला.

एकूण झाले २५,२०० रुपये. यावर कस्टम्स.

वैयक्तिक वापराच्या वस्तू कस्टम्सच्या दरपत्रकात ९८०४ या शीर्षकाखाली येतात. २०२६ च्या अर्थसंकल्पात या शीर्षकाचा मूळ आयात शुल्काचा दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा आयातीवरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, २८ टक्क्यांचा १८ झाला. हा जीएसटी किंमत आणि शुल्क यांच्या बेरजेवर लागतो, म्हणून साधी बेरीज करायची नाही. मी सगळं मिळून ३१ टक्के धरतो. दर अर्थसंकल्पागणिक हलतात, त्यामुळे मागवायच्या दिवशीचा दर सीबीआयसी या कस्टम्सच्या मंडळाच्या साइटवर बघून घ्या. जुन्या पोस्टमधले आकडे तर अजिबात वापरू नका.

शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा मिळवून लागतं. पण मूल्यांकनाच्या नियमांत एक अट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: माल विमानाने आला तर शुल्कासाठी धरायचं भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. म्हणजे दुकान ते गोदामाचे १० धरून २३० डॉलरच्या मालावर जास्तीत जास्त ४६. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के धरतात. माझ्या बाबतीत भाडं ४२ होतं, म्हणून ते पूर्ण धरलं गेलं असतं. पण ७८ भरले असते तर मोजले गेले असते ४६ च. कुरियरने अख्खं भाडं लावून शुल्क काढलं असेल तर बिल मागा आणि हे दाखवा.

या हिशेबात शुल्क येत होतं सुमारे ७,६६० रुपये. कुरियरची क्लिअरन्सची फी ९०० अधिक जीएसटी, म्हणजे १,०६२. कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप माझ्या बँकेत साडेतीन टक्के, त्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे १,०४० च्या आसपास. साइट विचारेल, "रुपयात भरायचे का?" तर डॉलरच निवडा, रुपयातला दर बहुतेक वेळा महाग पडतो.

बेरीज ३४,९६० रुपये. १९,८०० ची वस्तू घरी पोचेपर्यंत पस्तीस हजारांची.

इथल्या एका विक्रेत्याचा भाव होता ३७,०००, भारतातल्या वॉरंटीसह. दोन हजारांचा फरक. भिंगात बुरशी किंवा ओरखडा निघाला, तर परत पाठवायचं भाडं आपल्या खिशातून, आणि भरलेलं शुल्क परत मिळवायची खटपट वेगळीच. माझं ठाम मत आहे की फरक पंधरा टक्क्यांहून कमी असेल तर इथूनच घ्या. मी इथूनच घेतला.

इनव्हॉइसवर किंमत कमी दाखवायचा किंवा "गिफ्ट" लिहायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भेटवस्तूंवरची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात. किंमत कमी दाखवली आणि अधिकाऱ्याने दुकानाच्या साइटवरचा भाव उघडला तर खोकं अडकतं. आणि पार्सल हरवलंच तर विमा तुम्ही लिहिलेल्या कमी किमतीवरच मिळतो.

मग हा पत्ता कशासाठी ठेवलाय? सौर फिल्मसाठी. दुर्बिणीच्या तोंडावर लावायचा तो पातळ फिल्टर मला इथे हव्या त्या मापात मिळाला नाही. सपाट लिफाफा, ४० डॉलर, आकारणी एक पाउंड, सगळं धरून साडेसात हजारांच्या आत. या मापाची वस्तू असेल तर खोक्याची लांबी-रुंदी-उंची कमेंटमध्ये टाका, हिशेब मी करून देतो.