नाना आधी हसतात, मग विनोद होतो

नानाकाकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ मी 'जरा नीट करून' द्यायचा, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे मी चहा आणायला आत गेलो होतो तेव्हा ठरलं.

काम तसं किरकोळ होतं. पुतण्याने फोन स्टँडवर लावून तीस मिनिटांचं सलग शूटिंग केलं होतं. मी सुरुवातीची खुर्च्या सरकवण्याची दोन मिनिटं उडवली, वर नाव टाकलं आणि एक्सपोर्टचं बटण दाबलं. एडिटिंग करताना सगळं झकास दिसत होतं. तयार झालेली फाइल मी पहिली पाच मिनिटं पाहिली आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून निश्चिंत झोपलो.

सकाळी काकूंचा फोन. "अरे, ह्यांचं भाषण असं काय दिसतंय? तोंड मिटतं आणि मग आवाज येतो. भूतबाधा झाल्यासारखं."

पाहिलं तर खरंच. नाना हात वर करून काहीतरी म्हणतात, समोरचे लोक खो खो हसतात, आणि लोक गप्प झाल्यावर नानांचा विनोद ऐकू येतो. घड्याळ लावून मोजलं, तर आवाज चार सेकंद मागे. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे हिशेबाने नाना सदाशिव पेठेत बसून बोलत होते आणि आवाज शनिवारवाड्यावरून येत होता. त्यात शेवटचे चार सेकंद पडदा काळा, आणि त्या अंधारातून नाना म्हणतात, "आता जेवून घ्या."

मी म्हटलं, चार सेकंद मागे आहे ना? मग चार सेकंद पुढे ओढू. ओढला. भाषण जागेवर आलं, पण सुरुवातीची पूजा बिघडली. गुरुजींचा हात घंटेकडे जायच्या आत घंटा वाजायला लागली. तोकडं पांघरूण डोक्यावर घ्यावं तर पाय उघडे, अशी गत.

मग मला वाटलं, आवाज हळूहळू मागे पडत असणार, तेव्हा तो सगळाच चार सेकंदांनी आवळून टाकावा. आवळला. आता सुरुवात बरोबर, शेवट बरोबर आणि मधे सगळा सावळा गोंधळ: ओवाळणीच्या आधी आवाज सव्वा सेकंद पुढे धावतोय, ओवाळणीनंतर अडीच सेकंदांहून जास्त मागे पडलाय. रात्रीचा एक वाजला होता. बायको दारातून म्हणाली, "त्यापेक्षा परत एकदा सहस्रचंद्र करून घ्या."

दुसऱ्या दिवशी भाची आली. ती हेच काम पोटापाण्यासाठी करते. तिने माझे दोन्ही प्रयोग बाजूला सारले आणि पहिली, बिघडलेली फाइल लावली. "मामा, मधे मधे मोजलंस का? का फक्त शेवटी?"

फक्त शेवटी मोजलं होतं. तिने टाळी, घंटा, ताटावर पडलेला चमचा अशा जागा शोधल्या, जिथे हालचाल आणि आवाज एकाच क्षणी व्हायला हवेत. दुसऱ्या मिनिटाला फरक शून्य. नवव्या मिनिटालाही शून्य. अकराव्या मिनिटाला चार सेकंद. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तेच चार.

"हा उतार नाही मामा, पायरी आहे. चित्राच्या आणि आवाजाच्या घड्याळांचा वेग वेगळा असता तर फरक मिनिटागणिक वाढत गेला असता. इथे सगळं एकाच ठिकाणी घडलंय. दहाव्या मिनिटाला काय केलंत तुम्ही?"

आठवलं. एक्क्याऐंशी पणत्या लावल्या होत्या. कोणीतरी ओरडलं, "लाइट घालवा, फोटो छान येईल." घालवले. धाकट्या नातवाने भोकाड पसरलं म्हणून वीस सेकंदांत परत लावले.

"तिथेच," भाची म्हणाली.

तिने मूळ फाइल मीडियाइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: `Frame rate mode: Variable`. फोन एरवी सेकंदाला 30 चित्रं काढतो. पण अंधार झाला की प्रत्येक चित्रासाठी प्रकाश जास्त वेळ गोळा करावा लागतो, म्हणून तो 24 वर उतरतो. त्यात लबाडी नसते. कोणतं चित्र नेमकं कधीचं, याची वेळ तो फाइलमध्ये इमानदारीने लिहून ठेवतो. आवाजाला अंधाराशी काही देणंघेणं नाही, त्याचे सेकंदाला 48,000 नमुने ठरलेले. माझ्या एडिटरने दाखवताना त्या वेळा पाळल्या. एक्सपोर्ट करताना मात्र त्या फेकून दिल्या आणि सगळी चित्रं सेकंदाला 30 या एकाच मापाने ओळीत लावली.

मग तिने पाकिटाच्या मागे गणित मांडलं. वीस सेकंद गुणिले 24, म्हणजे 480 चित्रं. ती 30 च्या वेगाने दाखवली तर सोळा सेकंदांत संपतात. चित्र चार सेकंद आधीच पुढे निघून गेलं आणि आवाज आपल्या चालीने मागून येत राहिला. मी ते वीस सेकंद पुन्हा पाहिले. पाचही सुवासिनी अशा भराभर ओवाळत होत्या की जणू सगळ्यांना 6:12 ची लोकल पकडायची आहे. हे दोन दिवस मला दिसलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांना भूक लागली असेल.

"मग ही तयार फाइल दुरुस्त कर."

"नाही होणार. हिच्यात त्या वेळा उरल्याच नाहीत. मूळ फाइलपासूनच करायला हवं."

मूळ फाइल भाचीच्या हातात होती म्हणून ठीक. माझ्याकडे असलेल्या बाकीच्या तीन प्रती ग्रुपवरून फिरून, दाबून-चेपून आलेल्या होत्या. एडिटिंगला बसायच्याही आधी मूळ फाइलची चित्रं एकसारख्या वेगाची करून घ्यायची, एवढाच उपाय. तिने कमांडच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली:

```
ffmpeg -i nana.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy nana_cfr.mp4
```

`fps=30` फाइलमध्ये लिहिलेल्या वेळा वाचतं आणि जिथे चित्रं कमी पडतात तिथे आहे तेच पुन्हा दाखवतं. अंधारातल्या दर चार चित्रांपैकी एक दोनदा. `-c:a copy` म्हणजे आवाजाला हात लावायचा नाही, कारण गुन्हा त्याचा नव्हताच. `-crf 18` ने फाइल फुगते, पण चित्र खराब होत नाही. (ज्यांना काळ्या खिडकीची भीती वाटते त्यांच्यासाठी हॅंडब्रेक नावाच्या प्रोग्राममध्ये `Constant Framerate` असा पर्याय आहे. मी आता काळ्या खिडकीवाला झालो आहे आणि ते पाहुण्यांना सांगतो.)

लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंगावला. नवी फाइल मीडियाइन्फोत `Constant` निघाली. मी ती पुन्हा कापली, नाव टाकलं, एक्सपोर्ट केलं आणि यावेळी दुसरं, अकरावं आणि अठ्ठाविसावं मिनिट तपासूनच ग्रुपवर टाकलं. घंटा हाताबरोबर वाजली, चमचा ताटात पडताना वाजला. सुवासिनींनी शांतपणे ओवाळलं.

संध्याकाळी नानांचा फोन आला. मी शाबासकी घ्यायला खुर्चीत नीट बसलो.

"पाहिला रे. पण तो आधीचा कुठाय?"

"तो बिघडलेला होता नाना."

"असेल. पण त्याच्यात लोक माझ्या विनोदाच्या आधीच हसत होते. तो पाठव."