हळदीचा डाग आणि ब्लीचची बादली

"चादरीवर कसलाही डाग असू दे, उकळत्या पाण्यात वॉशिंग पावडर आणि ब्लीच घालून रात्रभर भिजवा. सकाळी चादर कोरी करकरीत!"

होमस्टे चालवणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या या सल्ल्यात मुळात "कसलाही" इथेच गफलत आहे. रक्ताच्या डागात प्रथिनं असतात. उकळतं पाणी लागलं की ती धाग्यातच गोठतात आणि तपकिरी खूण कायमची राहते. त्यावर आधी फक्त गार पाणी, तेही कापडाच्या उलट बाजूने.

होमस्टेत जास्त छळतो तो हळदीचा डाग. कराडकडच्या अख्ख्या मसूरचा रस्सा पांढऱ्या सुती चादरीवर सांडला, असं धरा. वॉशिंग पावडर लागताच डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून ब्लीच ओततो. पण पावडर अल्कधर्मी असते आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, एवढंच. साबण नीट निघून गेला की ते पुन्हा पिवळं दिसतं.

अशा वेळी रस्सा चमच्याने उचलून घ्या, चोळू नका. रंग तेलातून पसरलेला असतो, म्हणून आधी तेल काढायचं: अर्धा चमचा भांड्याचं लिक्विड डागाच्या कडेकडून मध्याकडे लावा, 10 मिनिटं थांबा, उलट बाजूने पाणी सोडा. मग ओली चादर थेट उन्हात टाका आणि वाळत आली की डागावर पुन्हा पाणी शिंपडा. कर्क्युमिन उजेडात विघटित होतं; उरलेला पिवळेपणा काढायला कापडाला याहून सौम्य उपाय नाही. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका.

महाबळेश्वर-पाचगणीत पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. तिथे सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवालं ब्लीच वापरा: 4 लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, तासभर. रंगीत चादर असेल तर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहा. रेशीम आणि लोकरीला ते लावूच नका.

राहिलं क्लोरीनचं ब्लीच. ते रंग काढतं, पण सुताचा सेल्युलोजही तोडतं. पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त, तितकं अधिक. दिसायला चादर पांढरीशुभ्र असते, पण गादीखाली खोचताना ताण बसला की मधोमध फाटते. फिटेड शीटचं इलॅस्टिक तर त्याआधीच सैल पडतं. आणि या बादलीत व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही पडता कामा नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

एक पाहुणा गेल्यावर दुसरा येईपर्यंतच्या दोन-तीन तासांत डाग काढायला बसू नका. प्रत्येक पलंगामागे चादरींचे तीन जोड ठेवा: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. डागाची चादर बाजूला काढून लगेच गार पाण्यात टाका. डाग कशाचा आहे, ते मात्र चिठ्ठीवर लिहून बादलीला लावा, कारण धुणाऱ्या बाईंना पुढची सगळी पद्धत त्यावरूनच ठरवायची असते.