एकशे ऐंशी म्हणजे किती?

केक फुटतो हे मला रविवारपर्यंत माहीत नव्हतं. फुगा फुटतो, पेपर फुटतो, आमच्या गल्लीत पाण्याची पाइप तर दर पंधरा दिवसांनी फुटते. पण मुलाच्या वाढदिवसासाठी केलेला स्पंज केक ओव्हनच्या काचेआड, माझ्या डोळ्यांदेखत, मधोमध टेकाडासारखा उठला आणि वरून तडकला. त्या फटीतून पिवळं कच्चं पीठ हळूहळू बाहेर आलं. कडा तोवर चॉकलेटी होऊन काळ्याकडे निघाल्या होत्या. डायलवर एकशे ऐंशी. घड्याळात फक्त बारा मिनिटं झालेली.

केक सोपा होता. चार अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा, थोडा व्हॅनिला. बेकिंग पावडर नाही. अंडी-साखर इतकी फेटायची की वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर तशीच दिसत राहते, मग मैदा चाळून हलक्या हाताने मिसळायचा. हे सगळं मी शहाण्या मुलासारखं केलं होतं. हात अजून दुखतोय.

आणि तेवढ्यात वास लागून समोरचे काका आले.

काका शिरोलीच्या एका फौंड्रीत तीस वर्षं भट्टीवर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण जगातली कुठलीही गरम वस्तू आपल्याच अखत्यारीत येते असा त्यांचा समज आहे. आमचा गिझर, शेजारच्यांची इस्त्री, गणपतीतला आरतीचा कापूर, सगळ्यावर त्यांचं मत असतं. चप्पल दारात काढली आणि थेट ओट्याशी.

"काय मर्दा, काय जाळलास?"

"केक आहे काका."

त्यांनी केक हातात घेतला. (गरम होता. त्यांना काही फरक पडला नाही.) उलटा केला, बुडाकडून बघितला, मग बोटाच्या पेराने टकटक वाजवून कान लावला.

"काका, तुम्ही काय ऐकताय?"

"कास्टिंग चांगलं आसलं की घंटीगत वाजतंय. ह्ये बद्द वाजाय लागलंय. आत कच्चं हाय."

केक घंटीसारखा वाजला असता तर मी जास्त घाबरलो असतो, पण हे सांगायला जागा मिळाली नाही. काकांनी सुरी मागितली, फटीत खुपसली आणि पिठाने माखलेलं पातं माझ्या नाकासमोर धरलं. "हे बघ. भायेरनं थिजलं, आतनं अजून पातळ. आता आतलं फुगाय लागलं तर त्यानं जायाचं कुठं? वरचं कवच आधीच घट्ट झालंय. मग फोडूनच जाणार की! आमच्याकडं उलटं हुतंय. बिडाचा रस आत थिजताना आकसतोय, मग आत पोकळी पडती. तुझं फुगतंय म्हणून फुटलं. पण दुखणं एकच, भायेर घाई आन् आत उशीर."

मला राग आला होता, आणि त्याहून जास्त राग याचा आला की ते बरोबर बोलत होते. केकच्या कडा आणि वरची साल आधी शिजते. उष्णता मर्यादेत असेल तर आतली हवा आणि वाफ सगळं पीठ एकसारखं वर उचलते आणि मगच साल घट्ट होते. ओव्हन जास्त तापला की साल आधी बसते, मधलं पीठ नंतर जागं होतं आणि दार सापडलं नाही की भिंत फोडतं.

"पण डायल एकशे ऐंशीवर आहे," मी म्हणालो.

काका असे हसले की आतल्या खोलीतून सौ. बाहेर आली. "डायलवर इस्वास ठेवतोस? आरं, त्यो आकडा छापणाऱ्यानं छापलाय. तुझ्या ओव्हननं न्हाई लिवला!"

इथे मला कंपनीच्या माणसाची आठवण झाली. मागच्या महिन्यातही असाच एक केक काळा झाला होता, म्हणून मी तक्रार केली होती. तिसऱ्या दिवशी एक तरुण आला, ओव्हन लावला, दोन मिनिटांनी आत हात घातला आणि म्हणाला, "गरम होतोय की." मी म्हणालो, जास्त गरम होतोय. तो म्हणाला, गरम होत नसेल तर वॉरंटीत बसतं. संध्याकाळी मेसेज आला : तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कोणाच्या समाधानाने, ते लिहिलं नव्हतं. साडेसहा हजार रुपये घेऊन आकडे छापायचे आणि ते खरे आहेत का असं विचारलं की हात घालून बघायचं! रिक्षाचं मीटर असं चाललं असतं तर दसरा चौकात सभा झाली असती.

असो. आतली करामत काकांनी सांगितली. डायलच्या मागे दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. डायल फिरवणं म्हणजे ती किती वाकल्यावर तोडायचं हे ठरवणं. पण आमच्यासारख्या छोट्या ओव्हनमध्ये ही पट्टी बाजूच्या पत्र्याआड बसते आणि केक असतो मधोमध, वर-खाली लाल सळ्यांच्या तोंडात. तिला तिच्या कोपऱ्यातली ऊब कळते, केकची नाही. शिवाय वीज तुटली तरी सळ्या काही वेळ तापलेल्याच राहतात.

"मग खरं किती, ते कळायचं कसं?"

"काट्यावर शंका आली की आमी वितळवून बघायचो. जे कितीला वितळतंय ते ठावं हाय, असं कायतरी."

सौ. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती एवढा वेळ गप्प होती आणि आता तेवढंच बोलली : "साखर. एकशे शहाऐंशी."

ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर मिळतो, पण रविवारी संध्याकाळी साखर घरात होती. वाटीत एक चमचा साखर, मधली जाळी, डायल एकशे ऐंशीवर. आधी दिवा दोन-तीनदा विझून पेटू दिला, म्हणजे ताप स्थिर होतो. ओव्हन खरा असता तर पंधरा मिनिटांत साखर कोरडी राहायला हवी होती. पाचव्या मिनिटाला तिचा पाक झाला. एकशे साठला वितळली. दीडशेलाही कडेने ओली होऊन वितळली. एकशे चाळीसला मात्र पंधरा मिनिटं कोरडी, पांढरी, ढिम्म. म्हणजे आमच्या डायलचं एकशे चाळीस ते दीडशे यांच्यामध्ये कुठेतरी खरं एकशे शहाऐंशी लपलं होतं. आकडा साधारण चाळीसने खोटा. मी ज्याला एकशे ऐंशी समजत होतो ते सव्वादोनशेच्या आसपासचं काहीतरी होतं, आणि त्या भट्टीत मी पोराचा केक ठेवला होता.

एक गोष्ट मात्र सौ.ने बजावली. साखर फक्त त्या एका ठिकाणचं खरं सांगते. शंभरवर किंवा दोनशेवर डायल किती खोटं बोलतो, ते यावरून कळत नाही. स्पंजला एकशे सत्तर-पंचाहत्तर लागतं, ते जवळच आहे म्हणून निभावलं.

दुसरा केक डायल एकशे पस्तीसवर. अठ्ठावीस मिनिटं. वर सपाट, रंग बदामी, कडा डब्यापासून सुटलेल्या, बोटाने दाबला की परत वर. काकांनी तो पेराने वाजवला नाही, नुसता एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "बरं झालंय. पर ह्याच्यात काय तिखट घालत न्हाईत व्हय?"

जाताना त्यांनी खिशातून खिळा काढला. (निवृत्त माणसाच्या खिशात खिळा का असतो, विचारू नये.) डायलच्या कडेला, एकशे पस्तीसच्या जागी, खरवडून एक रेघ ओढली. "हितं थांबायचं."

आज सकाळी कंपनीचा तोच मुलगा पुन्हा आला, मी दुसरी तक्रार केली होती म्हणून. आत हात घालायच्या आधी त्याचं लक्ष रेघेकडे गेलं.

"साहेब, डायलला छेडछाड केलीय. आता वॉरंटी गेली."