ज्वारी ‘हलक्या प्रतीची’ कुणाच्या घरात?

प्रतिक्रिया: “कोल्हापुरात राहून ज्वारीला ‘हलक्या प्रतीची वस्तू’ म्हणता? आज ती गव्हापेक्षा महाग आहे. आमच्या घरी तर पगार वाढल्यावरच रोज भाकरी सुरू झाली. तुमचं सूत्रच चुकलंय.”

नमस्कार. मूळ लेखात मी उत्पन्न लवचिकतेच्या सूत्रावरून ज्वारीला सरसकट ‘हलक्या प्रतीची वस्तू’ म्हटलं होतं. सूत्र बरोबर आहे, पण मी ते शिक्क्यासारखं वापरलं ही माझी चूक. ‘हलक्या प्रतीची’ या शब्दाचा धान्याच्या कसाशी किंवा लक्ष्मीपुरी बाजारातल्या भावाशी काही संबंध नाही. उत्पन्न वाढल्यावर खरेदी घटली, एवढाच त्याचा अर्थ. मागणीतला शेकडा बदल भागिले उत्पन्नातला शेकडा बदल, म्हणजे उत्पन्न लवचिकता. ती उणे आली तर वस्तू हलक्या प्रतीची, अधिक आली तर सामान्य.

हिशेबापुरती दोन घरं धरू. पहिल्याचं उत्पन्न महिना 20,000 वरून 24,000 झालं, म्हणजे 20 टक्के वाढलं. ज्वारी 10 किलोवरून 9 वर आली, 10 टक्के घट. लवचिकता उणे 0.5. दुसऱ्या घराचं उत्पन्न 1,00,000 वरून 1,20,000 झालं, वाढ तेवढीच. ज्वारी मात्र 4 किलोवरून 5 वर गेली, म्हणजे 25 टक्के जास्त. लवचिकता 1.25. एकच ज्वारी पहिल्या घरात हलक्या प्रतीची आणि दुसऱ्या घरात सामान्य, तीही एकापेक्षा मोठ्या लवचिकतेची, म्हणजे चैनीच्या वस्तूसारखी ठरते. तुमचं घर बहुधा दुसऱ्यासारखं.

आता दोन्ही घरांची बेरीज करा. आधी 14 किलो, नंतरही 14 किलो. लवचिकता शून्य! नुसती बेरीज पाहणारा म्हणेल, उत्पन्नाचा ज्वारीवर परिणामच नाही. प्रत्यक्षात दोन्ही घरं बदलली, पण उलट्या दिशांना. म्हणून हा आकडा कुठल्या उत्पन्नगटाचा हे सांगितल्याशिवाय वर्गवारी करू नये, आणि मी नेमकं तेच केलं होतं.

गव्हाशी असलेलं नातं छेदक लवचिकतेतून कळतं, म्हणजे ज्वारीच्या मागणीतला शेकडा बदल भागिले गव्हाच्या भावातला शेकडा बदल. पहिल्या घरात उत्पन्न आणि ज्वारीचा भाव तसेच ठेवून गहू 10 टक्के महाग झाला आणि ज्वारीची खरेदी 5 टक्के वाढली, तर छेदक लवचिकता अधिक 0.5, म्हणजे दोन्ही पर्यायी. (मटण महागल्यावर भाकरीची ज्वारी कमी खपली असती, तर आकडा उणे आला असता आणि ती जोडी पूरक ठरली असती.) पण या 0.5 मध्येही थोडी भेसळ आहे. गहू महागला की गरीब घराची खरेदीची ताकद घटते, आणि तिथे ज्वारी हलक्या प्रतीची असल्याने केवळ त्या ओढाताणीनेही ती थोडी जास्त घेतली जाते. सगळा आकडा चपातीऐवजी भाकरी धरल्याचा नसतो.

तुमच्या घराबद्दल एकच विचारतो. पगार वाढला त्याच सुमारास कुणाला साखरेचा त्रास निघून डॉक्टरांनी भाकरी सांगितली होती का? तसं असेल तर ती वाढ आवडीतल्या बदलाची, आणि ती उत्पन्नाच्या खात्यावर मांडता येणार नाही. मूळ लेखातलं वाक्य मी “कमी उत्पन्नाच्या घरांत ज्वारी हलक्या प्रतीची ठरू शकते” असं बदललं आहे.