पाच पात्रं, एकच सावली

मुलांच्या कार्टून मालिकेसाठी पाच जणांची टोळी काढायला घेतलीत? वा. पाच पात्रं काढायची आणि बघणाऱ्याला त्यातलं एकही ओळखू द्यायचं नाही, ही कला सगळ्यांना जमत नाही. मला जमली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका वाड्यातल्या पाच पोरांची मालिका केली: ईशान, कबीर, तन्वी, सौम्या आणि अप्पू. पहिला भाग आला त्या दिवशी माझ्या भाचीनं मोबाईल नाकापर्यंत नेऊन विचारलं, "मामा, ही सगळी एकाच आईची आहेत का?" असं यश आपोआप मिळत नाही. कृती सांगतो, लिहून घ्या.

सुरुवात मॉनिटरपासून. तो २७ इंची हवा आणि झूम २०० टक्क्यांच्या खाली येता कामा नये. या आकारात तन्वीच्या चष्म्याची काडी दिसते, कबीरच्या शर्टावरचा वाघ दिसतो, सौम्याच्या गळ्यातल्या लॉकेटवरचा मोर तर पिसारा फुलवलेला दिसतो. त्या मोरावर मी एक अख्खी दुपार घालवली. प्रेक्षक हे सगळं बघणार कुठे, तर एका व्हिडिओच्या शेजारी लागलेल्या यादीत, साधारण १६८ बाय ९४ पिक्सेलच्या चौकटीत, बसमध्ये उभ्यानं, अंगठ्यानं सरकवत. त्याचा विचार कशाला करायचा? तिकीट काढून पिक्चर बघायला आलाय का तो?

आता अंगकाठी. एक शरीर मन लावून काढा आणि त्याच्या चार प्रती करा. डोकं, खांदे, ढोपरं सगळं तेच ठेवून वरचे केस फक्त बदला. परदेशी धड्यांमध्ये सांगतात की एकाला लाल केस द्या, एकीला सोनेरी, एकाला निळे. आपल्या वाड्यातल्या पाचही पोरांचे केस काळेच, त्यामुळे ती पळवाट इथे आयतीच बंद आहे. केस काळे म्हटल्यावर फरक त्यांच्या बाहेरच्या कडेत दाखवावा लागतो. म्हणजे एकीच्या वेण्या कानापासून आडव्या निघाल्या पाहिजेत, एकाच्या डोक्यावर झाडूसारखा झुबका उभा राहिला पाहिजे. हे टाळायचं असेल तर सोपा उपाय आहे. सगळ्यांना नीट भांग पाडून द्या आणि वेगळेपण चष्मा, लॉकेट, टिकली, खिशावरचं चित्र अशा आतल्या गोष्टींत भरा. आकृती काळी भरली की आतलं सगळं गिळलं जातं. काळी भरली नाही तरी तेच होतं. ८० पिक्सेल उंचीचं, तीन डोक्यांच्या मापाचं कार्टून पोर घेतलं तर त्याचं डोकं जेमतेम २७ पिक्सेलचं भरतं, आणि त्या डोक्यावरच्या चष्म्याची कड एका पिक्सेलची. ती नाकावर बसलेली माशी आहे की चष्मा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या खेळवत आली आहेत. मागून दिवा, पुढे पडदा, आणि समोर बसलेल्या माणसाला रावण कोण नि हनुमान कोण हे लगेच कळतं. मुकुट, शेपटी, धनुष्य सगळं बाहेरच्या कडेत काढलेलं. पण त्यांच्याकडे २७ इंची मॉनिटर नव्हता, म्हणून त्यांना तसं करावं लागलं असणार.

उंचीबाबत माझी शिफारस अशी की वास्तवाशी प्रामाणिक राहा. आम्ही मुलांची वयं ठरवली, त्या वयाला शोभतील अशा उंच्या घेतल्या: १२०, १२५, १२८, १३२ आणि १३७ सेंटिमीटर. निर्माते खूश, कारण कागदावर तक्ता अगदी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्यासारखा दिसत होता. सगळ्यांत उंच ईशान चौकटीत ८० पिक्सेल धरला, तर बाकीचे ७७, ७५, ७३ आणि ७० येतात. शेजारशेजारच्या दोघांत फरक दोन किंवा तीन पिक्सेलचा, म्हणजे चपलेच्या तळव्याएवढा. एकजण जरा वाकला की क्रमच बदलतो. आमच्या दुसऱ्या भागात तसा बदललाही, आणि तक्रार कोणाकडूनच आली नाही. कोण उंच हे मुळात कोणाला ठाऊकच नव्हतं!

याहूनही सुबक चूक करायची असेल तर पाचही उंच्या समान अंतरानं चढवा. मोबाईलच्या नेटवर्कच्या दांड्यांसारखी रांग छान दिसते. फक्त दोघं सुटे उभे राहिले की तो तिसरा आहे की चौथा ते सांगता येत नाही. आणि पाचही जण रिक्षात बसले की दांड्याच उरत नाहीत, दिसतात ती डोकी आणि खांदे. उंचीवर विसंबून राहिलेलं पात्र बसलं की संपलं. म्हणून थंबनेलसाठी रिक्षाचाच प्रसंग निवडा.

रंगात मात्र मी कसलीच कसर ठेवली नव्हती. ईशान लाल, तन्वी हिरवी, कबीर निळा. अगदी लहान मुलाला विचारलंत तरी तो म्हणेल की हे तीन वेगळे रंग आहेत. लाल होता `#E53935`, हिरवा `#388E3C` आणि निळा `#1E88E5`. रंगाचा उजळपणा काढायचं एक जुनं सूत्र आहे:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

मी ते वापरलं नाही, तुम्हीही वापरू नका. वापरलंत तर लाल १०८ येतो, हिरवा १०७ आणि निळा ११५. काळा शून्य आणि पांढरा २५५ धरला तर हे तिघं एकाच करड्या बाकावर मांडीला मांडी लावून बसलेत. चित्र छोटं होतं, स्क्रीनचा उजेड कमी केलेला असतो, बाहेर ऊन असतं, तेव्हा डोळा आधी उजेड-अंधार वाचतो, नावाचा रंग नंतर. आणि ज्यांना लाल-हिरव्यात फरक दिसत नाही त्यांच्यासाठी तर ईशान आणि तन्वी हे जुळेच.

आता एक धोक्याची सूचना. आमच्याकडे बॅकग्राउंड रंगवणारी एक मुलगी होती. तिला पात्रांशी काही देणंघेणं नव्हतं, पण तिसऱ्या भागाच्या वेळी तिनं आमची पाचांची रांग उचलली, मागचा भाग पारदर्शक आहे ना हे पाहिलं आणि सगळ्यांना काळं भरून १६८ पिक्सेल रुंदीत बसवणारी ही आज्ञा चालवली:

```
magick lineup.png -alpha extract -negate -resize 168x savli.png
```

पडद्यावर पाच काळे ठिपके आले. "यातला अप्पू कुठला?" तिनं विचारलं. मी डावीकडून दुसरा म्हणालो. ती सौम्या निघाली. पात्रं मी काढलेली, बरं का. त्या दिवशी चहा कडू लागला.

मग तिनं नासधूस सुरू केली. ईशानला ओढून बांबू केला, मान पुढे, डोक्यावर झुबका, उंची ८०. कबीरला चौकोनी केला, जुन्या फ्रिजसारखा, ६२. तन्वीला ६० वर ठेवलं. मी लगेच पकडलं, "अगं, दोघं सारखेच झाले की!" ती म्हणाली, "उंची सारखी आहे, रुंदी बघा." कबीर जितका उंच जवळपास तितकाच रुंद होता, आणि तन्वी काडीसारखी, पाठीला कधीच न उतरणारं दप्तर, त्यामुळे बाजूनं ती प्रश्नचिन्हासारखी दिसायची. सौम्या ५०, आडव्या वेण्या, प्रत्येक वेणी तिच्या दंडाएवढी जाड. अप्पूला तिनं ३४ वर आणला आणि मोठ्या भावाची माकडटोपी घातली, वर गोंडा. वाघ काढला. मोर काढला. मोराच्या वेळी मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

कमरेवर हात ठेवलेली सौम्याची ऐटदार पोझ मी निदान वाचवेन असं वाटलं होतं. हात आणि कंबर यांच्यात त्रिकोणी फट होती, तिच्यामुळे सावली जिवंत वाटायची. छोट्या आकारात ती फट बुजली आणि सौम्या मडक्यासारखी दिसायला लागली. मग कोपर एवढं बाहेर काढावं लागलं की खऱ्या मुलीचं असतं तर हाडवैद्याकडे न्यावं लागलं असतं. बारीक आकारात वाचवायचं तर अतिशयोक्ती करावी लागते म्हणे. माझ्यासारख्या वास्तववादी माणसाला हे कसं रुचावं?

रंगांतही तिनं पाच वेगळे उजळपणे केले नाहीत. एवढ्याशा चौकटीत गडद, मधला आणि उजळ अशा तीनच पायऱ्या खात्रीनं दिसतात, असं तिचं म्हणणं. ईशानला गडद निळा दिला, `#1A237E`, त्याच सूत्रानं ४३. काळे केस आणि गडद कपडे मिळून तो एक उभा खांबच झाला, आणि बांबूला तेच पाहिजे होतं. तन्वीला पिवळा, `#FDD835`, २०८. अप्पूची टोपी पांढरट, म्हणजे तोही उजळच, पण त्याच्या आकाराला तन्वी कोण म्हणेल? माझा लाल कबीरला गेला आणि हिरवा सौम्याला. उजळपणा एकच, पण एक फ्रिज आणि एक वेण्यावाली, वर रांगेत ते शेजारी उभे राहायचे नाहीत असा नियम. जिथे रंग कमी पडतो तिथे आकार सांभाळतो, असा सगळा हिशोब. दिवाळीच्या भागात झेंडूच्या माळांपुढे पिवळी तन्वी गायब व्हायला लागली, तर या बाईंनी पात्राला हात न लावता भिंतच जांभळट अंधारी केली.

हे सगळं तुमच्या बाबतीत घडू नये असं वाटत असेल तर टीममध्ये नसलेल्या कोणालाही चित्र दाखवू नका. विशेषतः एका सेकंदासाठी दाखवून फोन उलटा ठेवू नका आणि "कोणकोण होतं?" असं विचारू नका. मी भाचीवर हा प्रयोग केला. तिनं चार जण धडाधड सांगितले: उंच दादा, जाडा, दप्तरवाली, वेण्या.

"आणि पाचवा?"

पाचवा होता. आम्ही त्याला सगळ्यांत बुटका म्हणून पुढे, खाली, उजव्या कोपऱ्यात उभा केला होता. व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी पट्टी बरोबर त्याच कोपऱ्यात येते. टोपीचा गोंडा तेवढा वर डोकावत होता. माझी ही एक चूक त्या बॅकग्राउंडवालीच्या नजरेतून सुटली होती, आणि मला भरून आलं.

भाचीनं फोन पुन्हा उचलला, नीट पाहिलं, आणि म्हणाली, "हां, हा बारा-चाळीस."

वाड्यातली पोरं अजून अप्पूला त्याच नावानं ओळखतात.