बॅकस्पेस आहे की! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

टायपिंगमध्ये मिनिटाला ५० शब्दांच्या पुढे जायला वर्ष लागतं, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"काहीही लिहिता राव. मी एका महिन्यात ७० ला गेलो, तुम्ही म्हणता ५० च्या पुढे वर्ष लागतं. शब्द मोजायचे तर सरळ मोजा ना, ५ ने भागाकार कशाला? आणि अॅक्यरसी अॅक्यरसी काय लावलंय, चुकलं तर बॅकस्पस आहे की. क्लासवाल्यांची भाषा आहे ही."

'राव' चालेल हो, पण 'क्लासवाल्यांची भाषा' हे टोचलं. माझा क्लास नाही, कधी नव्हता, या ब्लॉगवरून एक रुपया मिळत नाही. न पटणं वेगळं आणि माणसाच्या हेतूवर जाणं वेगळं, एवढं तरी कळावं.

एक मान्य. 'वर्ष' हा आकडा मी अंदाजानं ठोकून दिला होता, रोज नेमानं बसणारा आधीही पोचेल. पोस्टमध्ये बदलतो.

५ चं म्हणाल तर, 'a' पण शब्द आणि 'university' पण शब्द, मग मोजणार कसं? म्हणून स्पेस धरून ५ ठोके म्हणजे एक शब्द. स्टाफ सिलेक्शनच्या टेस्टला इंग्रजी ३५ शब्द म्हणजे तासाला १०,५०० ठोके धरतात, करा भागाकार.

आता बॅकस्पेस. ते वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही म्हटलं तरी चालेल.

मी शिकलो मॅन्युअल टाइपरायटरवर, रविवार कारंजाजवळ एका माडीवर, तीसची परीक्षा दिली मग चाळीसची. तिथं बॅकस्पेस दाबला की गाडी एक घर मागे यायची, अक्षर पुसलं जायचं नाही. घाई केली की दोन दांड्या एकमेकीत अडकायच्या, त्या बोटानं सोडवायच्या, बोटाला रिबिनची शाई, आणि ती शाई पुढच्या कागदावर. पुढं एका वकिलांकडे लागलो तर पहिल्याच महिन्यात गट नंबर ११२ चा १२१ झाला आणि प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरसकट पुन्हा. पैसे माझ्या पगारातून गेले. तेव्हा बॅकस्पेस कुठं होता हो?

बरं, तुम्ही म्हणाल ते जुनं झालं. मग कॉम्प्युटरवरच हिशोब करू. तुमची बोटं सेकंदाला ५ ठोके मारतात असं धरा, म्हणजे कागदावर ६० चा स्पीड. १०० अक्षरांचा मजकूर आहे आणि त्यात ८ वेळा चुकलात. चूक तिथल्या तिथं कधीच दिसत नाही, अजून दोन अक्षरं पुढं गेल्यावर दिसते, मग तीन ठोके वाया, ते पुसायला तीन बॅकस्पेस, म्हणजे एका चुकीला ६ ठोके जास्तीचे. आठांचे ४८. एकूण १४८ ठोके, म्हणजे साधारण ३० सेकंद, त्यात प्रत्येक चुकीला अर्धा सेकंद थबकणं धरलं तर ३४. आता ३४ सेकंदात १०० अक्षरं म्हणजे मिनिटाला शब्द किती? ३५.

शेजारी दुसरा बसलाय, त्याची बोटं ४५ च्याच स्पीडनं चालतात पण १०० मध्ये २ च चुका. त्याचे ११२ ठोके, ३० सेकंद, वर एक सेकंद थबकणं. तो येतो ३८-३९ वर. हळू बोटांचा माणूस तुमच्या पुढं गेला आणि त्याला घामही नाही आला. आणि चुका तशाच ठेवल्या तर चुका वजा करून नेट स्पीड काढताना मिनिटामागं प्रत्येक चुकीला एक शब्द कापतात, म्हणजे ती पळवाटही नाही.

४५-५५ ला माणूस अडकतो तो इथंच. बोटं कमी पडत नाहीत, अक्षरांचे तेच ते चार-पाच जोड प्रत्येक वेळी अडखळतात, आणि घाईनं रोज तेच चुकीचं गिरवलं की हाताला तेच बरोबर वाटायला लागतं. ओळखायचं कसं, तर चुकलेले शब्द आठवडाभर वहीत लिहा, परत परत तेच दिसतील. तेवढेच शब्द ३५ च्या स्पीडनं, न चुकता. ९७-९८ टक्के आले की मग स्पीड वाढवा. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठानं २०१८ मध्ये १ लाख ६८ हजार जणांचं टायपिंग तपासलं, सरासरी आली ५२, तेही हौसेनं टेस्ट द्यायला आलेले लोक. आणि जे जोरात होते त्यांच्या चुकाही कमी होत्या.

तुमच्या ७० बद्दल काय बोलणार, एक मिनिटाची, सोप्या शब्दांची, स्वल्पविराम-कॅपिटल नसलेली टेस्ट असेल तर असेलही. दहा मिनिटांची द्या, आकडे आणि कंस असलेला उतारा घेऊन, आणि स्क्रीनशॉट टाका.

आणि हो, तुमच्या चार ओळींत अॅक्युरसी दोनदा चुकलंय आणि बॅकस्पेस एकदा. बॅकस्पेस होता ना?